अरबी पॉवर ऑफ अटर्नीचं इंग्रजी भाषांतर: फ्लॅट विकायचा एकही अधिकार न वाढवता, न घटवता

खारघरच्या एका फ्लॅटचं टोकन, पाच लाख रुपये, धाकट्या भावाच्या खात्यात गेलं. फ्लॅट थोरल्याचा, तो सौदीतल्या दम्मामला नोकरीला, आणि त्याने अरबीत करून पाठवलेल्या पॉवर ऑफ अटर्नीमधे स्पष्ट लिहिलेलं की किंमत माझ्या नावाच्या चेकनेच घ्यायची. इंग्रजी भाषांतरात ‘माझ्या नावाच्या चेकने’ ही अटच गायब होती. खरेदीदाराने इंग्रजी वाचलं, भावाने इंग्रजी वाचलं, सगळ्यांना वाटलं बरोबर चाललंय. मग खरेदीदाराच्या वकिलाला कुठेतरी शंका आली आणि फाइल दुसऱ्या भाषांतरासाठी माझ्याकडे आली.

मी ठाण्यात बसून हेच काम करते आणि वर्षभरात अशा चार-पाच फायली तरी येतातच, ज्यात भाषांतर ‘छान’ असतं पण अधिकार वेगळेच असतात. म्हणून हीच खारघरची फाइल धरून सगळं क्रमाने लिहितेय. भाषांतर करणाऱ्यांना तर उपयोग होईलच, पण ज्यांच्या घरचा कागद आहे त्यांनीही वाचा, कारण निम्म्या चुका भाषांतराला बसायच्या आधीच झालेल्या असतात.

१. सुरू करण्याआधी: हे भाषांतर लागणारच आहे का?

पॉवर अजून केलेलीच नसेल आणि माणूस सौदीत किंवा कुवेतमधे असेल, तर त्याला सरळ भारतीय दूतावासात पाठवा, तिथे इंग्रजीतच ड्राफ्ट नेऊन करता येते. १९०८ च्या नोंदणी कायद्याच्या कलम ३३ मधे परदेशात राहणाऱ्याच्या पॉवरसाठी नोटरी, कोर्ट यांच्यासोबत भारतीय कॉन्सुलचं नाव थेट दिलेलं आहे, त्यामुळे निबंधकाच्या टेबलावर वाद कमी होतो. माझं एक काम कमी होईल, पण तुमचे दोन महिने वाचतील.

अरबी कागद होऊन आलाच असेल तर दुसरा प्रश्न विचारा: तो कुठे दाखवायचाय? खारघर-पनवेल असेल तर पनवेलचं दुय्यम निबंधक कार्यालय, घोडबंदर असेल तर ठाण्याचं. त्याच कायद्याचं कलम १९ म्हणतं की निबंधकाला न समजणाऱ्या आणि जिल्ह्यात न वापरल्या जाणाऱ्या भाषेतल्या दस्तासोबत जिल्ह्यात चालणाऱ्या भाषेतलं खरं भाषांतर आणि खरी प्रत लागते. इंग्रजी बहुतेक चालतं, पण आधी जाऊन विचारा, आणि खरेदीदाराचं होमलोन असेल तर बँकेच्या वकिलालाही विचारा की भाषांतरासोबत ॲफिडेव्हिट हवं का नुसतं सर्टिफिकेट चालेल. हे शेवटी विचारलं की सगळं पुन्हा प्रिंट करावं लागतं.

२. कागद पूर्ण झाल्यावरच भाषांतर

सगळ्यात जास्त होणारी चूक हीच. नोटरीकडून पॉवर झाली की घाईघाईने व्हॉट्सॲपवर फोटो येतो, ‘मॅडम तोपर्यंत करायला घ्या’. मी करते, आणि दोन आठवड्यांनी कळतं की मूळ कागदावर नंतर परराष्ट्र खात्याचा शिक्का बसला, मागे अपोस्टिलचं, म्हणजे परदेशात चालावं म्हणून दिलेल्या प्रमाणीकरणाचं पान जोडलं गेलं, आणि माझ्या भाषांतरात त्यातलं काहीच नाही. निबंधकाने दोन्ही शेजारी ठेवले की एकात तीन शिक्के, दुसऱ्यात एक.

क्रम असा ठेवा: आधी तिकडची नोटरी, मग तिकडचं प्रमाणीकरण, मग मूळ कागद इकडे, मग भाषांतर. सौदी अरेबिया ७ डिसेंबर २०२२ पासून अपोस्टिल करारात आहे, ओमान २०१२ पासून, बहारीन २०१३ पासून, त्यामुळे या देशांतल्या कागदाला अपोस्टिल लागतं. जे देश या करारात नाहीत तिथे आधी त्यांचं परराष्ट्र खातं आणि मग आपला दूतावास असे दोन शिक्के घ्यावे लागतात. आणि अपोस्टिल म्हणजे फक्त सही-शिक्का खरा आहे एवढंच, आतल्या मजकुराची हमी त्यात नसते, हे खरेदीदारालाही सांगा.

*तपासा:* कुरियरचं पाकीट फेकू नका. परदेशात केलेला कागद महाराष्ट्रात आल्यापासून तीन महिन्यांत महाराष्ट्राच्या मुद्रांक कायद्याप्रमाणे स्टॅम्प करून घ्यायचा असतो, आणि कधी आला याचा पुरावा म्हणजे ते पाकीट. खारघरच्या केसमधे कागद एप्रिलमधे आला, गिऱ्हाईक मिळालं जानेवारीत, आणि तोपर्यंत तो कपाटात साडीच्या घडीखाली पडून होता. मुदत केव्हाच उलटलेली.

३. नावं, आकडे, तारखा: आधी या बाजूला काढा

मजकुराला हात लावायच्या आधी मी एका कोऱ्या कागदावर सगळी नावं, पासपोर्ट नंबर, फ्लॅट नंबर आणि तारखा उतरवून घेते.

नावांचं स्पेलिंग पासपोर्टवरून घ्या, अरबीवरून नाही. अरबीत प नाही, ट नाही, व चा फ होतो. पाटील चा ‘बातील’ होतो, पनवेलचं ‘बानफील’. अरबीवरून परत इंग्रजीत आणलं तर बातील असंच छापलं जातं, आणि गंमत म्हणजे अरबीत याच्यासारखाच ऐकू येणारा एक शब्द आहे ज्याचा अर्थ रद्दबातल. (आपल्या रद्दबातल मधला बातल तोच.) आपल्याच पॉवरवर आपलं नाव रद्द म्हणून छापून घेऊ नका.

आकड्यांमधे आपल्या डोळ्यांना एक खास सापळा आहे. अरबी पाच हा हुबेहूब आपल्या शून्यासारखा गोल असतो आणि अरबी शून्य म्हणजे फक्त एक टिंब. सहा पटकन बघितला तर इंग्रजी सातासारखा दिसतो. मराठी वाचणारा माणूस घाईत ५०३ मधला पाच शून्य म्हणून वाचतो आणि टिंब धूळ समजून सोडून देतो. झेरॉक्सवर तर विचारूच नका, मूळ कागद किंवा चांगला स्कॅन हवाच. शिवाय अरबी ओळ उजवीकडून डावीकडे, आकडे डावीकडून उजवीकडे, त्यात मधे हायफन असला की टाइप करताना नंबराचे तुकडे उलटे पडू शकतात. म्हणून प्रत्येक नंबर इंडेक्स टू किंवा मूळ ॲग्रीमेंटशी जुळवून बघा.

जुळला नाही तर? *इथे थांबा.* भाषांतरात दुरुस्त करायचा नाही. अरबीत ५०२ लिहिलं असेल आणि फ्लॅट ५०३ असेल, तर इंग्रजीत ५०२च लिहायचं आणि पार्टीला फोन करायचा. दुरुस्ती नोटरीकडे होते, माझ्या लॅपटॉपवर नाही.

आता तारीख. खारघरच्या कागदावर होतं १४ रमजान १४४५, आणि मुदत १४ रमजान १४४६ पर्यंत. पहिल्या भाषांतरकाराने पहिली तारीख २४ मार्च २०२४ अशी बरोबर काढली आणि मुदतीला ‘एक वर्ष’ धरून २३ मार्च २०२५ लिहून टाकलं. पण हिजरी वर्ष आपल्या वर्षापेक्षा साधारण अकरा दिवसांनी लहान असतं. १४ रमजान १४४६ म्हणजे १४ मार्च २०२५. रजिस्ट्रेशनची अपॉइंटमेंट ठरलेली २० मार्चची, म्हणजे सहा दिवस आधीच संपलेल्या पॉवरवर सही झाली असती.

अजून एक बारीक गोष्ट. आपल्या घरी लटकवलेल्या उर्दू कॅलेंडरवरून तारीख काढू नका. भारतात चंद्र बहुतेक वेळा एक दिवस उशिरा दिसतो, २०२४ मधे सौदीत रमजान ११ मार्चला सुरू झाला आणि आपल्याकडे १२ ला. सौदी कागदाला सौदीचं उम्म अल-कुरा कॅलेंडर लावायचं. भाषांतरात आधी हिजरी तारीख जशीच्या तशी आणि तिच्यापुढे ‘कॉरस्पाँडिंग टू’ लिहून इंग्रजी तारीख, दोन्ही ठेवा.

४. अधिकारांचा तक्ता करा

आता मुख्य काम. अरबी पॉवरमधे अधिकार एकाच लांबलचक वाक्यात ‘व’ ने जोडलेले असतात, पूर्णविराम नाही, परिच्छेद नाही. ते वाचत वाचत थेट टाइप करायला घेतलं की एखादा गळतोच. म्हणून आधी प्रत्येक अधिकार वेगळ्या ओळीत लिहा, नंबर द्या, आणि एकूण किती झाले ते वर गोल करून ठेवा.

खारघरच्या कागदातला भाग देवनागरीत उतरवला तर असा होता:

बैअ अश-शक्का, वल-इफराग लिल-मुश्तरी, व इस्तिलाम अस-समन बि-शेक मुसद्दक बिस्मी, व तस्लीम अश-शक्का, व मुराजअत जमीअ अल-जिहात जात अल-अलाका, व इन्हा जमीअ अल-इजराआत अल-लाजिमा, वत-तवकीअ फीमा यततल्लब जालिक.

मोजा. सात अधिकार. पहिल्या भाषांतरात आठ होते, आणि त्यातले बरेच चुकीचे. शेवटचे तीन वाक्यांश सौदी कागदांवर जवळजवळ ठरलेलेच असतात, त्यामुळे ते एकदा नीट समजून घेतले की पुढच्या दहा फायलींना कामाला येतात.

५. एकेक अधिकार, नेमक्या शब्दांत

आधी माणसं. अरबीत ज्याला अधिकार मिळतो तो ‘वकील’ आणि जो देतो तो ‘मुवक्किल’. आपल्याकडे वकील म्हणजे काळा कोट, म्हणून लोक बिनधास्त ‘माय ॲडव्होकेट’ किंवा ‘माय लॉयर’ लिहितात आणि खारघरमधे हार्डवेअरचं दुकान चालवणारा भाऊ कागदोपत्री ॲडव्होकेट होऊन बसतो. वकील म्हणजे इथे ‘अटर्नी’ किंवा ‘एजंट’, मुवक्किल म्हणजे ‘प्रिन्सिपल’. एकदा ठरवला तो शब्द शेवटपर्यंत तोच.

पहिला अधिकार, बैअ. म्हणजे विक्री. इंग्रजी: ‘टू सेल द फ्लॅट’. एवढंच. आपल्याकडे फ्लॅटला आधी ॲग्रीमेंट फॉर सेल करायची सवय, म्हणून हात शिवशिवतात की ‘टू एंटर इनटू अँड एक्झिक्यूट ॲग्रीमेंट फॉर सेल’ लिहावं. नाही लिहायचं. बैअ मधे ॲग्रीमेंट येतं की नाही हे वकील ठरवतील, भाषांतर नाही.

दुसरा, इफराग. डिक्शनरीत पहिला अर्थ सापडतो रिकामं करणं, आणि एका फाइलमधे मी खरंच ‘टू एम्प्टी द फ्लॅट फॉर द बायर’ वाचलंय. सौदी कायदेशीर भाषेत इफराग म्हणजे अधिकृत अधिकाऱ्यासमोर मालकी खरेदीदाराच्या नावावर करून देणं. मी लिहिते ‘टू कन्व्हे टायटल टू द पर्चेसर’, आणि खाली भाषांतरकाराची टीप म्हणून एक ओळ की मूळ शब्द इफराग आहे आणि तो मालकीच्या औपचारिक हस्तांतरणासाठी वापरतात. ‘टू रजिस्टर द सेल डीड’ असं लिहायचा मोह इथेही टाळा, कारण ती आपल्या कायद्यातली वेगळी पायरी आहे.

तिसऱ्यात पैसा आहे, म्हणून जरा थांबून वाचा. इस्तिलाम अस-समन म्हणजे किंमत स्वीकारणं. ‘समन’ म्हणजे ठरलेली किंमत. ‘कीमा’ असता तर मूल्य. तेव्हा इंग्रजीत ‘प्राइस’, ‘व्हॅल्यू’ नाही आणि ‘मनी’ तर अजिबात नाही. पुढे ‘बि-शेक मुसद्दक’, सर्टिफाइड चेकने. आणि मग ‘बिस्मी’. बि म्हणजे ने किंवा मधे, इस्म म्हणजे नाव, शेवटचा ई म्हणजे माझं. दिसायला एक छोटासा शब्द, आणि पाच लाखांचा घोळ याच्याचमुळे. पूर्ण वाक्य: ‘टू रिसीव्ह द प्राइस बाय सर्टिफाइड चेक इन माय नेम’.

आपल्याकडे हल्ली आरटीजीएस होतं, सर्टिफाइड चेक कोण देतं, मग ‘डिमांड ड्राफ्ट’ लिहू का, असं मला धाकट्या भावाने विचारलं. मी म्हटलं, तुम्हाला अडचण आहे हे खरं, पण ही अडचण तुमच्या दादांच्या कागदात आहे, ती दादांनीच सोडवायची. पहिल्या भाषांतरात हे ‘टू रिसीव्ह द सेल अमाउंट’ झालेलं. वाचायला सोपं, आणि अट साफ गेलेली.

चौथा, तस्लीम. म्हणजे देणं, ताबा सोपवणं. आणि याच धातूतून एक अक्षर कमी झालं की तसल्लुम, म्हणजे घेणं, ताब्यात घेणं. वरच्या इस्तिलामचाही धातू तोच, अर्थ घेणं. तीन शब्द एकमेकांचे चुलतभाऊ आणि दिशा उलट्या. कागदावर स्वरचिन्हं छापलेली नसतात, त्यामुळे फरक फक्त एका ‘य’ चा राहतो. पहिल्या भाषांतरात ‘टू टेक ओव्हर द फ्लॅट’ होतं, म्हणजे विकणाऱ्याच्या प्रतिनिधीने फ्लॅट ताब्यात घ्यायचा! बरोबर: ‘टू हँड ओव्हर द फ्लॅट’. बऱ्याच कागदांत तस्लीम आणि तसल्लुम दोन्ही जोडीने येतात, तेव्हा दोन्ही लिहा, पुनरुक्ती समजून एक गाळू नका.

पाचवा, मुराजअत. डिक्शनरीत ‘रिव्ह्यू’. सरकारी अरबीत मात्र एखाद्या ऑफिसमधे कामासाठी जाणं, त्यांच्याशी व्यवहार करणं. ‘टू रिव्ह्यू ऑल रिलेव्हंट एंटिटीज’ वाचून बँकेचा माणूस हसला होता म्हणे, भाऊ सिडकोचं ऑडिट करणारे का? इंग्रजी: ‘टू अप्रोच ऑल कन्सर्न्ड अथॉरिटीज’. आता ‘जिहात’ म्हणजे फक्त सरकारी असं नाही, त्यात खासगी संस्थाही येऊ शकतात, म्हणून मी हल्ली ‘ऑल कन्सर्न्ड अथॉरिटीज अँड बॉडीज’ असं न लिहिता ‘ऑल कन्सर्न्ड एंटिटीज’ वर आलेय. दोन शब्द टाकले की मूळात दोन होते असं वाटतं. सिडको, सोसायटी, महावितरण ही नावं मूळात नसतील तर इंग्रजीतही नाहीत.

सहावा, इन्हा. संपवणं, दोन्ही अर्थांनी. करार संपवणं म्हणजे ‘टर्मिनेट’, पण काम संपवणं म्हणजे ‘कम्प्लीट’. पुढे ‘इजराआत’ म्हणजे प्रक्रिया आहे, म्हणून ‘टू कम्प्लीट ऑल नेसेसरी प्रोसीजर्स’. पहिल्या भाषांतरात ‘टू टर्मिनेट ऑल प्रोसीजर्स’ होतं. म्हणजे व्यवहार करण्याऐवजी मोडण्याचा अधिकार.

सातवा, तवकीअ, सही. ‘टू साइन व्हेअरएव्हर दॅट इज रिक्वायर्ड’. आणि इथे कानाला सारख्या वाटणाऱ्या दोन शब्दांचा घोटाळा होतो, तवकीअ म्हणजे सही आणि तवकील म्हणजे दुसऱ्याला नेमणं. पुसट झेरॉक्सवर अक्षरं नीट दिसली नाहीत तर सहीचा अधिकार थेट नेमणुकीचा होतो.

६. जे नाही ते शोधा

सात झाले की मी उलटा प्रश्न विचारते: नेहमी असतं असं काय इथे नाहीये?

या कागदात ‘तवकील अल-गैर’ नव्हतं, म्हणजे दुसऱ्याला नेमण्याची मुभा. ती असती तर इंग्रजी झालं असतं ‘टू अपॉइंट अदर्स इन रिस्पेक्ट ऑफ ऑल ऑर पार्ट ऑफ द अबव्ह’, आणि त्यात ‘ऑल ऑर पार्ट’ सोडायचं नाही. नाही म्हणजे धाकट्या भावाला स्वतःच निबंधकासमोर उभं राहावं लागणार, तो मेव्हण्याला पाठवू शकत नाही. ‘स्वतःला विकण्याचा’, म्हणजे भावाने तो फ्लॅट स्वतःच विकत घेण्याचा अधिकारही नव्हता, अरबीत त्याला वेगळे शब्द लागतात. आणि आपल्या निबंधकाला जे बघायचं असतं, दस्त नोंदणीला सादर करणं आणि सही केल्याचं कबूल करणं, त्याचा स्पष्ट उल्लेख कुठेच नव्हता.

पहिल्या भाषांतरातला आठवा अधिकार तो हाच. ‘टू ॲडमिट एक्झिक्यूशन बिफोर द सब-रजिस्ट्रार’. भावानेच सांगितलेलं की हे टाका, नाहीतर ऑफिसात अडवतील, आणि भाषांतरकाराने चांगुलपणाने टाकलं. यात कोणाचा वाईट हेतू नव्हता हे मला मान्य आहे. पण आपली कोर्टं पॉवर ऑफ अटर्नीचा अर्थ काटेकोर लावतात, शब्दात नसलेला विक्रीसारखा मोठा अधिकार ओढूनताणून काढू देत नाहीत, आणि उद्या कोणी मूळ अरबी दुसऱ्याकडून वाचून घेतलं तर खरेदीदाराचा अख्खा दस्त डळमळतो.

*थांबा:* काही कमी वाटलं तर पार्टीला लेखी कळवा, ईमेल किंवा मेसेज, फोनवर नको. भाषांतरात टीप टाकून ‘हा अधिकार गृहीत आहे’ असंही लिहू नका. टीप शब्दाचा अर्थ सांगायला असते, अधिकार द्यायला नाही.

७. इंग्रजी मसुदा बांधताना

मूळ ‘मी नेमलंय’ असं असेल तर इंग्रजीतही ‘आय’, मूळ ‘मुवक्किलने नेमलंय’ असं असेल तर ‘द प्रिन्सिपल’. मधेच बदलू नका, कारण ‘माझ्या नावाच्या चेकने’ मधला माझा कोण ते त्यावर ठरतं.

‘शॅल’ शब्द जपून. अरबीत ‘वलहु’ म्हणजे त्याला मुभा आहे, इंग्रजीत ‘ही मे’. ‘ही शॅल’ लिहिलं की ती मुभा सक्ती होते.

अधिकारांना अ, ब, क देऊन वेगवेगळ्या ओळी कराव्यात का? वाचायला सोयीचं पडतं म्हणून मी करते, पण एक धोका आहे. या कागदात मूळात सुरुवातीलाच ‘फक्त खारघरच्या या फ्लॅटपुरतं’ असं होतं, आणि तुम्ही ते पहिल्या ओळीत, बैअ सोबत टाकलंत, तर बाकीच्या सहा अधिकारांना मर्यादाच राहत नाही. अशी सगळ्यांना लागू अट यादीच्या वर, वेगळ्या वाक्यात घ्या. आणि उलट, ‘माझ्या नावाच्या चेकने’ ही अट फक्त किंमतीला लागते, ती वर नेऊ नका. कोणती अट कोणाला लागते हे मूळात खरंच स्पष्ट नसेल तर यादी न करता मूळासारखंच एक लांब वाक्य ठेवा, भले कुरूप दिसो.

आपल्या केसमधलं अंतिम वाक्य असं झालं:

‘विथ रिस्पेक्ट टू द सेड फ्लॅट ओन्ली: टू सेल द फ्लॅट, टू कन्व्हे टायटल टू द पर्चेसर, टू रिसीव्ह द प्राइस बाय सर्टिफाइड चेक इन माय नेम, टू हँड ओव्हर द फ्लॅट, टू अप्रोच ऑल कन्सर्न्ड एंटिटीज, टू कम्प्लीट ऑल नेसेसरी प्रोसीजर्स, अँड टू साइन व्हेअरएव्हर दॅट इज रिक्वायर्ड.’

कागदाच्या डोक्यावर असलेल्या खात्यांच्या नावांनाही जपा. ‘कातिब अल-अदल’ म्हणजे न्यायाचा लेखक नाही, नोटरी पब्लिक. आणि कागद इजिप्तचा असेल तर ‘अश-शहर अल-अकारी’ दिसेल, शहर म्हणजे महिना हे सगळ्यांना माहीत, म्हणून ‘रिअल इस्टेट मंथ’ लिहिणारे महाभाग आहेत. तिथे शहर म्हणजे जाहीर नोंद, ते मालमत्ता नोंदणीचं आणि नोटरीचं खातं आहे.

गोल शिक्का, चौकोनी शिक्का, क्यूआर कोड, कोपऱ्यातला सिरियल नंबर, मागच्या पानावरची पावती, सगळं भाषांतरात यायला हवं, चौकोनी कंसात ‘राउंड सील’ असं लिहून पुढे त्यावरचा मजकूर. वाचता येत नसेल तर ‘इल्लेजिबल’ लिहा, अंदाज नको. आणि हातची सही नसेल, कागद सिस्टिममधून छापलेला असेल, तर ‘साइन्ड’ लिहू नका. असा बिनसहीचा कागद निबंधक घेतील का हे पहिल्या पायरीवरच विचारून घ्या.

८. उलटी तपासणी

एक दिवस जाऊ द्या. मग इंग्रजीकडून अरबीकडे जा: इंग्रजीतल्या प्रत्येक अधिकारावर बोट ठेवा आणि अरबीत त्याचा शब्द दाखवा. दाखवता आला नाही तर तो तुम्ही घातलेला आहे. मग तक्त्यातला गोल केलेला आकडा बघा. सात म्हणजे सात.

जमलं तर दुसऱ्या अरबी येणाऱ्याला फक्त इंग्रजी मोठ्याने वाचून दाखवा आणि त्याला अरबीवर नजर ठेवायला सांगा. मुंब्र्याच्या एका मौलानांकडे मी जाते, कायद्याची भाषा त्यांची नाही पण तस्लीम-तसल्लुम त्यांच्या नजरेतून कधी सुटत नाही.

९. सर्टिफिकेट आणि बांधणी

शेवटच्या पानावर तुमचं नाव, भाषा, कोणत्या कागदाचं भाषांतर (त्याचा नंबर आणि तारीख), किती पानं, आणि हे माझ्या माहितीप्रमाणे खरं व पूर्ण आहे एवढं विधान. प्रत्येक पानावर सही. मूळ कागदाची प्रत भाषांतराला जोडून, दोन्हींच्या सांध्यावर शिक्का, म्हणजे नंतर पान बदलता येत नाही. ॲफिडेव्हिट मागितलं असेल तर ते नोटरीसमोर करा, पण लक्षात घ्या की नोटरी तुमची सही बघतो, तुमचं अरबी नाही. पहिल्या भाषांतरावरही नोटरीचा शिक्का होताच.

ते माझं सात अधिकारांचं भाषांतर शेवटी निबंधकाकडे गेलंच नाही. वकिलांनी ते वाचलं आणि सांगितलं की या कागदावर व्यवहार नको: पैसे घ्यायची पद्धत इथे जमणार नाही, नोंदणीचा अधिकार नाही, आणि मुदत १४ मार्चला संपतेय. धाकट्याने पाच लाख परत केले, खरेदीदाराने ते थोरल्याच्या खात्यात भरले, आणि थोरला एका सुट्टीच्या आदल्या रात्री बसने रियाधला जाऊन दूतावासात इंग्रजीत नवी पॉवर करून आला. त्या ड्राफ्टमधे अकरा अधिकार होते. या वेळी पाकीट आलं त्याच आठवड्यात भाऊ स्टॅम्पला घेऊन गेला.